रफू की ठिगळ, आणि बटण कोणत्या दोऱ्याने?

बटण निघालं की आधी कापड बघायचं. दोरा तुटून बटण पडलं असेल तर काम पाच मिनिटांचं. पण बटणाच्या जागी भोक पडलं असेल, तर दोरा कापडाला भारी पडला असं समजायचं. त्याच भोकावर नुसतं बटण परत लावलं तर ते पुन्हा निघतं, आणि या खेपेला भोक मोठं झालेलं असतं.

म्हणून पहिली निवड दोऱ्याची. पॉलिएस्टरचा दोरा सहजी तुटत नाही आणि कोणत्याही दुकानात मिळतो. जीन्स, शाळेच्या गणवेशाची पँट, जाड कोट यांना तोच बरा. पण धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती शर्टाला किंवा झब्ब्याला सुती दोरा घ्या. जोराची ओढ बसली तर तो कापडाच्या आधी तुटतो, आणि मला तेच हवं असतं. बटण पुन्हा लावता येतं, फाटलेली पट्टी पुन्हा कोरी होत नाही. दोरा कोणताही असो, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत पुरे. त्याहून लांब घेतला की गुंता होणारच.

आता बटण कापडाला घट्ट बसवायचं की मध्ये दोऱ्याची छोटी दांडी ठेवून? बहुतेक जण घट्ट बसवतात, नीटनेटकं दिसतं म्हणून. पण काजाच्या पट्टीलाही बटणाखाली मावायला जागा लागते. ती नसली की कापड चुरगळतं आणि दर वेळी दोऱ्यावर ताण येतो. म्हणून दांडी. शर्टाला बटणावर एक टाचणी आडवी ठेवा, कोटाला काडेपेटीची काडी, आणि टाके तिच्यावरून घ्या. मग ती काढा, बटण वर ओढा, बटण आणि कापड यांच्यामधल्या दोऱ्यांभोवती पाच-सहा वेढे द्या आणि सुई मागे नेऊन गाठ मारा. चार भोकांच्या बटणाला दोन-दोन भोकांच्या जोड्या वेगवेगळ्या शिवा आणि पहिली जोडी झाली की तिथेच गाठ मारा. एक जोडी तुटली तरी दुसरी बटण धरून ठेवते.

पुष्कळ तयार शर्टांची बटणं मशीनवर एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्याने लावलेली असतात. टोक सुटलं की सगळा दोरा सरसर निघतो. नवा शर्ट घरी आला की मी बटणं ओढून बघते. बायकांना खोड असते म्हणून घरात हसतात, हसोत.

भोक पडलंच असेल तर आतून कापडाचा छोटा चौकोन लावून त्या दोन्ही थरांतून बटण शिवा. कोटाला आतल्या बाजूला छोटं चपटं बटण लावलं तरी चालतं. ओढ मग त्या बटणावर जाते, कापडावर नाही.

फाटण्याचं गणित वेगळं. शिवण नुसती उसवली असेल तर जुन्या रेषेवरून उलटी टीप घाला, दोन्ही टोकांना जुन्या टाक्यांवर सेंटिमीटरभर चढवून. कापडच फाटलं असेल तर प्रश्न रफू की ठिगळ हा. मागच्या पावसाळ्यात एका खिळ्यात अडकून यजमानांच्या पँटला मांडीवर काटकोनी फाट पडली, दोन्ही बाजू साधारण दोन सेंटिमीटर. मी पँट उजेडाकडे धरली. फाटेभोवतीचं कापड आजूबाजूच्या इतकंच दाट दिसलं, म्हणून रफू. विरळ दिसलं असतं तर रफूचे टाके धरायला काही उरलंच नसतं.

रफूसाठी दोरा विकत घेतला नाही, पँटच्या आतल्या दाबातून सोडवला, म्हणजे रंग आपोआप जुळतो. गाठ मारायची नाही. फाटेच्या पाच-सहा मिलिमीटर अलीकडून सुई घालायची, पलीकडे तेवढ्याच अंतरावर वळायचं आणि वळताना दोरा किंचित सैल सोडायचा. तो ताणला की धुतल्यावर गोळा होतो. ओळींची टोकं एका रेषेत आणू नका, मागेपुढे ठेवा, नाहीतर तिथेच नवी फाट पडते. मग आडवे दोरे एक वर, एक खाली असे विणायचे. कोपऱ्यात दोन्ही बाजूंचे दोरे एकमेकांवर यायला हवेत, कारण काटकोनी फाट तिथूनच वाढते. मला पाऊण तास लागला.

कापड विरलेलं असेल, गुडघा किंवा बैठकीची जागा असेल, तर ठिगळ. ते आतून लावा, विरळ भागाच्या दीड-दोन सेंटिमीटर पुढे जाईल इतकं मोठं, कोपरे गोल कापून, उभा-आडवा धागा मूळ कापडाशी जुळवून. सुती कापड असेल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर आकसून मूळ कापड ओढतं. इस्त्रीने चिकटणारी ठिगळं झटपट लागतात, पण धुताना कडा सुटतात. कडेने बारीक टाके घातले तर टिकतात, आणि टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाला मी तेच पसंत करते. त्याच्यावर रफू नको, टाके ओढ बसली की तडकतात.