पावसाच्या टाकीवरचा पातळीदर्शक: काही महिन्यांच्या वापरानंतर

मंडळी, आमच्या पावसाच्या टाकीला जोडलेल्या पाच दिव्यांच्या पेटीबद्दल तुम्ही बरेच जण विचारत होता. पावसाचे महिने आणि त्यापुढचे कोरडे महिने तिने पार केलेत, त्यामुळे आता खात्रीने सांगता येईल.

रचना सोपी आहे. टाकीत एक पीव्हीसी पाइप उभा आहे. त्यात तळापासून १०, ३५, ६०, ८५ आणि ११० सेंटिमीटरवर स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवलेत आणि अगदी तळाशी सगळ्यांसाठी एक सामाईक स्क्रू आहे. पाणी ज्या स्क्रूपर्यंत चढतं तो तळच्या स्क्रूशी पाण्यातून जोडला जातो आणि त्याचा दिवा लागतो. इंटरनेटच्या आठ तारांच्या केबलीतून हे सहा स्क्रू घरातल्या पेटीपर्यंत आणलेत.

खरी मेख पाण्यात आहे. अशा पातळीदर्शकाची जी जोडणी सगळीकडे दिसते तिच्यात ULN2003 ही चिप असते. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात ती छान चालते, कारण त्यात क्षार भरपूर असतात. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच, त्यामुळे वीज फार कमी वाहते. बोअरच्या पाण्यात दोन स्क्रूंमध्ये एखाद हजार ओहमचा अडथळा येत असेल, तर तिथेच पावसाच्या पाण्यात ४० हजारांपर्यंत येऊ शकतो. एवढ्या अडथळ्यातून जाणारा प्रवाह ULN2003 ला नीट चालू करायला अपुरा पडतो. मग टाकी भरलेली असूनही दिवा मिणमिणतो किंवा लागतच नाही.

म्हणून मी 74HC14 ही चिप वापरली. तिला इनपुटवर प्रवाह जवळजवळ लागतच नाही, ती फक्त व्होल्टेज बघते. प्रत्येक स्क्रूची तार ४७० किलोओहमच्या रेझिस्टरने सेलच्या धन टोकाला बांधली आहे आणि तळचा स्क्रू ऋण टोकाला. ४.५ व्होल्टवर हिशेब करा: पाण्याचे ४० किलोओहम धरले तर इनपुटवर ०.३५ व्होल्ट उरतो. चिप तो शून्यच समजते आणि १ किलोओहममधून एलईडी लावते. पाणी नसेल तर इनपुट पूर्ण ४.५ व्होल्टवर राहतं आणि दिवा बंद. चिपमध्ये सहा भाग असतात, आपल्याला पाच लागतात. सहाव्याचं इनपुट ऋण टोकाला जोडा, मोकळं सोडू नका.

केबल लांब असेल तर घरातल्या वायरिंगची घरघर तिच्यात शिरते आणि दिवे थरथरतात. प्रत्येक इनपुटपासून ऋण टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की ते थांबतं.

वीज तीन पेन्सिल सेलची, तीही बटण दाबल्यावरच. प्रवाह सतत वाहत ठेवला तर विद्युत विघटनाने धन बाजूचे स्क्रू खात जातात. इथे प्रवाह मुळातच कमी आणि तोही क्षणभर, म्हणून इतक्या महिन्यांनी पाइप काढला तेव्हा स्क्रू चकचकीत होते. शिवाय पाण्याजवळ घरची वीज न्यावी लागत नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

त्रास एकच झाला. पाइपावर धूळ आणि शेवाळाचा ओला थर धरतो आणि पाणी उतरलं तरी वरचा दिवा लागलेला राहतो. ओळखायची खूण म्हणजे मधला दिवा बंद आणि त्याच्या वरचा चालू. असं दिसलं की पाइप बाहेर काढून फडक्याने पुसायचा. स्क्रू पाइपापासून थोडे पुढे आलेले ठेवले तर हा थर जोडणी करायला वेळ लावतो.

आता या दिव्यांचा उपयोग. आमच्या टाकीचा व्यास १.१ मीटर, म्हणजे दोन दिव्यांमधल्या २५ सेंटिमीटरला साधारण २३७ लिटर. छपराचं क्षेत्रफळ ६० चौरस मीटर. १० मिलिमीटर पावसाचे होतात ६०० लिटर, आणि पहिलं मळकं पाणी व इकडंतिकडं वाया जाणारं धरून पाचवा हिस्सा वजा केला तर ४८०. म्हणजे १० मिलिमीटर पावसाला दोन दिवे चढले पाहिजेत. एकदा चांगल्या पावसानंतरही जेमतेम एकच चढला. वर जाऊन पाहिलं तर पन्हळीच्या जाळीत पानांचा गच्च थर बसला होता आणि पाणी काठावरून बाहेर पडत होतं. हे नुसतं टाकीत डोकावून कधी कळलं नसतं, तेव्हापासून पर्जन्यमापकाचा आकडा आणि दिवे मी एकत्र लिहून ठेवतो.

लोखंडी टाकी असेल तर स्क्रू किंवा तारा तिच्या भिंतीला लागणार नाहीत हे आधी बघा. ज्यांना बांधायची आहे त्यांनी टाकीचा व्यास, उंची आणि छपराची लांबी-रुंदी मोजून आणावी. कुठल्या उंचीवर स्क्रू लावायचे ते आपण त्यावरून ठरवू.