ठिपक्यांची वही: दवाखान्याच्या रांगेत सात महिने वापरल्यानंतर

लेकीच्या कानाचं दुखणं सुरू झाल्यापासून दर दोन-तीन आठवड्यांनी आम्ही दवाखान्यात जातोय. ती सहा वर्षांची आहे. नंबर लागायला दीड-दोन तास सहज जातात. सुरुवातीला मी पिशवी भरून सामान न्यायचे, आता फक्त तळहाताएवढी, जाड पुठ्ठ्याची स्पायरल वही आणि दोन रंगांच्या पेन्सिली नेते.

बाकीच्या वस्तू एकेक करून का गळाल्या, ते आधी सांगते. जिगसॉचे तुकडे मांडीवर मांडता येत नाहीत आणि आपलं नाव पुकारलं की सगळं गोळा करेपर्यंत तारांबळ उडते. स्केचपेनची टोपणं खुर्च्यांखाली जातात, आणि दवाखान्याच्या फरशीवर पोरीने हात घालून ती शोधावीत हे मला नको वाटतं. चित्रं रंगवायचं पुस्तक चांगलं होतं, पण ते तिचं एकटीचं काम. दहा मिनिटांत मान वर होऊन ‘अजून किती वेळ?’ सुरू व्हायचं. तिला रांगेत खेळण्यापेक्षा माझी सोबत हवी होती, हे मला उशिरा कळलं.

वहीत आम्ही ठिपके जोडून चौकोन करायचा खेळ खेळतो. आळीपाळीने दोन शेजारच्या ठिपक्यांमध्ये एक रेघ मारायची. ज्याच्या रेघेने चौकोन पुरा होईल, त्याने आत आपलं अक्षर लिहायचं आणि लगेच आणखी एक रेघ मारायची. यात बोलावं लागत नाही. कान दुखत असताना तिला कुजबुज नीट ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोलायची सोय नसते, त्यामुळे आम्हाला हेच सर्वांत उपयोगी पडलं. शिवाय माझी रेघ क्षणात होते, म्हणून माझे कान पुकाऱ्याकडे राहतात. मधेच आत बोलावलं तर वही मिटायची. डाव तसाच कागदावर असतो, औषधाच्या खिडकीपाशी थांबलो की पुढे चालू.

ठिपके घरूनच काढून न्यावेत. मी आठ-दहा पानं तयार ठेवते. दोन ठिपक्यांत मोठ्या माणसाच्या बोटाच्या रुंदीएवढं अंतर ठेवा, त्याहून कमी असलं तर मुलांच्या रेघा एकमेकींत घुसतात. सुरुवात चार बाय चार ठिपक्यांनी करा. त्यात 9 चौकोन आणि 24 रेघा होतात, एक डाव पाच-सात मिनिटांत संपतो. चौकोनांची संख्या विषम असल्याने बरोबरी होत नाही. आता आम्ही सहा बाय सहावर आलोय, म्हणजे 25 चौकोन, आणि तो डाव बराच वेळ पुरतो.

पहिल्या महिन्यात ती हरली की रडायची. चौकोनाची तिसरी रेघ आपण मारली की चौथी समोरच्याला मिळते, हे तिला दिसत नव्हतं. मी सांगितलं नाही, फक्त सावकाश खेळत राहिले. मग एका खेपेला 9 चौकोनांच्या डावात 6 उरले होते: दोन चौकोनांची एक छोटी गल्ली, चारांची एक लांब. कुठेही रेघ मारली तरी काहीतरी द्यावंच लागणार होतं. तिची पाळी होती. पेन्सिल लांब गल्लीवर नेली, थांबली, ओठ दाबून मोजलं आणि छोट्या गल्लीत रेघ मारली. मी ते दोन चौकोन घेतले, पण नियमाप्रमाणे पुढची रेघही मलाच मारायची होती, आणि उरली होती फक्त लांब गल्ली. तिने चारही चौकोन घेतले. आधीचा एक धरून पाच, माझे चार. काही न बोलता तिने माझा दंड घट्ट धरला. ते पान मी फाडलेलं नाही.

तक्रारी दोन. पेन्सिल पडतेच, म्हणून ती जाड दोऱ्याने स्पायरलला बांधली. दोरा वीतभरच ठेवा, लांब असला तर गुंततो. खोडरबर नेऊ नका, त्याने मारलेल्या रेघेवरून वाद होतात आणि कचरा पडतो तो वेगळाच. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना पाळी सांभाळणं जड जातं. माझ्या चार वर्षांच्या भाच्याबरोबर आम्ही जिंकणं-हरणं काढून टाकलं, पुऱ्या झालेल्या प्रत्येक चौकोनात तो कुणाला तरी ‘राहायला’ आणायचा. मांजर, आजी, बस.

ताप असेल तेव्हा वही उघडतच नाही. तेव्हा तिला मांडीवर घेते आणि पाठीवर बोटाने एकेक अक्षर काढते, तिने ओळखायचं. ‘म’ आणि ‘भ’मध्ये ती अजून फसते, मग मी तेच अक्षर पुन्हा, आणखी हळू काढते.