पाच लाखांची पॉलिसी, आयसीयूचे चौदा दिवस आणि खिशातून गेलेले सत्त्याऐंशी हजार

या पॉलिसीचे हप्ते मी सहा वर्षं भरतोय. मधे आईच्या मोतीबिंदूचा क्लेम दोन दिवसांत कॅशलेस मंजूर झाला, तेव्हा मी मेव्हण्यालाही हीच घ्यायला सांगितली होती. यंदा बाबांना न्यूमोनिया झाला आणि ते चौदा दिवस आयसीयूत होते. त्यानंतर माझं मत बदललं.

विमा रक्कम पाच लाख. खोलीभाड्याची मर्यादा रोज १ टक्का म्हणजे ५,००० रुपये, आयसीयू रोज २ टक्के म्हणजे १०,००० रुपये. खोलीभाड्याबद्दल आम्ही सगळेच सावध असतो. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे खर्चही त्याच प्रमाणात कापतात, हे मला माहीत होतं. म्हणून बाबांना आयसीयूतून बाहेर आणल्यावर ४,८०० ची खोली घेतली. आयसीयूचा बेड ९,५०० चा होता, त्यामुळे तिकडेही आपण मर्यादेत आहोत असं धरून चाललो.

डिस्चार्जच्या दिवशी मंजुरीचं पत्र आलं. बिल ४,९७,२०० चं, मंजूर ३,८९,२००. उरलेले एक लाख आठ हजार काउंटरवर भरले तेव्हाच बाबांना गाडीत बसवता आलं. हातमोजे, डायपर यांसारख्या सामानाचे ३१,००० मिळणार नाहीत, हे हॉस्पिटलात विम्याचे क्लेम बघणाऱ्या टीपीए डेस्कवरच्या ताईंनी आधीच सांगितलं होतं. पण ७७,००० ची कपात 'आयसीयू मर्यादेपेक्षा जास्त' या एका ओळीखाली होती.

घरी येऊन बिल पसरलं तेव्हा उलगडा झाला. विमा नियामकाच्या व्याख्येनुसार आयसीयूचा खर्च म्हणजे फक्त बेड नव्हे. आयसीयूतल्या कुठल्याही रुग्णाला मिळणाऱ्या सर्वसाधारण सेवा, मॉनिटर, क्रिटिकल केअर नर्सिंग आणि इंटेन्सिव्हिस्टची, म्हणजे आयसीयूच्या खास डॉक्टरांची फी हे सगळं त्यात येतं. आमच्या बिलात इंटेन्सिव्हिस्टचे रोज २,५००, नर्सिंगचे १,२०० आणि मॉनिटरचे ८०० वेगवेगळ्या पानांवर होते. बेडमध्ये मिळवले की दिवसाचे १४,००० होतात. रोज ४,००० जास्त, चौदा दिवसांचे ५६,०००. हीच मर्यादा चार दिवसांच्या मुक्कामात सोळा हजारांना पडली असती आणि मी ती विसरूनही गेलो असतो. विमा रकमेतले लाखाहून जास्त रुपये शिल्लक होते, पण मर्यादा दिवसाची असल्यामुळे त्यांचा काही उपयोग नव्हता.

राहिलेले २१,००० व्हेंटिलेटरचे होते, रोज ३,५०० प्रमाणे सहा दिवसांचे. तेही कंपनीने आयसीयूच्या खर्चात मिळवून कापले होते. इथे मी अडून बसलो. व्हेंटिलेटर आयसीयूतल्या प्रत्येक रुग्णाला लागत नाही, मग तो 'कुठल्याही रुग्णाला मिळणारी सर्वसाधारण सेवा' कसा? हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून आयसीयू चार्टची प्रत काढली. सातव्या दिवसाच्या रकान्यात सिस्टरच्या अक्षरात 'व्हेंट ऑफ, ११.४०' असं होतं आणि पुढचे दिवस नुसता ऑक्सिजन. बाबा उरलेले दिवस त्याच आयसीयूत व्हेंटिलेटरशिवाय होते, याचा तोच पुरावा. ती प्रत, त्या बिलाचं पान आणि व्याख्येचा परिच्छेद जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला मेल केला. पहिलं उत्तर ठोकळेबाज आलं. दुसऱ्या मेलमध्ये नियामकाचं बीमा भरोसा हे तक्रार पोर्टल आणि विमा लोकपालाकडे जाणार असल्याचं लिहिलं. तीन आठवड्यांनी २१,००० खात्यात जमा झाले.

म्हणून अगदी शून्य गुण देत नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी नियमाप्रमाणेच केली. आयसीयूचा दर मर्यादेबाहेर गेला म्हणून औषधं, तपासण्या किंवा छातीच्या डॉक्टरांच्या फीला प्रमाणशीर कात्री लावली नाही. आयसीयूच्या खर्चावर अशी कपात करता येत नाही, असं नियामकाने २०२० मध्येच सांगितलं आहे. तुमच्या पत्रात ती दिसली तर जरूर भांडा.

५६,००० मात्र गेले ते गेलेच. त्यावर भांडायला जागा नव्हती, पॉलिसीत तसं लिहिलेलंच होतं. पण पहिल्याच रात्री काउंटरवर 'बेड कितीचा?' असं विचारण्याऐवजी 'बेड, नर्सिंग, मॉनिटर आणि इंटेन्सिव्हिस्ट धरून आयसीयूचा दिवसाचा दर किती?' असं विचारलं असतं, तर रोजच्या चार हजारांची तजवीज तेव्हापासूनच करता आली असती. डिस्चार्जच्या दुपारी बहिणीची एफडी मोडायची वेळ आली नसती.

मेव्हण्याला फोन करून सगळं सांगितलं आहे. त्याची पॉलिसी तीन लाखांची, म्हणजे आयसीयूला दिवसाला फक्त सहा हजार. नूतनीकरणाच्या वेळी आम्ही दोघंही आयसीयूची मर्यादा काढलेला प्लॅन मागणार आहोत. हप्ता वाढेल, बाबांचं वय एकाहत्तर आहे, तरी मागणार आहोत.