पन्नाशीच्या मित्राला वाढदिवसाचा मेसेज: तीन मसुदे शेजारी शेजारी ठेवून

जुन्या मित्राचा वाढदिवस असला की सकाळी फोन हातात घेऊन आपण अडतो. नुसतं 'हार्दिक शुभेच्छा' लिहावं तर तीस वर्षांच्या ओळखीला ते शोभत नाही. मनातलं सगळं लिहावं तर तो वाचून अवघडेल, अशी भीती वाटते. माझ्या कॉलेजच्या मित्राला मी गेल्या काही वर्षांत तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून पाहिलं, आणि तिन्ही वेळा आठवण एकच होती. ज्याला असा मेसेज लिहायचा आहे त्याला निवड करायला सोपं जावं, म्हणून ते तिन्ही इथे मांडतो.

आधी आठवण सांगतो. १९९६ चा जुलै. आम्ही दोघं पुण्याहून एसटीने खुबी फाट्याला उतरलो, चालत खिरेश्वर गाठलं आणि तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावर चढलो. रात्री देवळाजवळच्या गुहेत मुक्काम होता. स्टोव्ह होता, रॉकेल होतं, चहा-साखर होती, पण काडेपेटी पार सादळली होती. मित्राचं डोकं टोपीमुळे तेवढं कोरडं राहिलं होतं. तो एकेक काडी घ्यायचा, गुलाची बाजू केसांतून हलकेच फिरवायचा आणि मग पेटीवर ओढायचा. गूल पेटीच्या पट्टीवर तांबूस चिखलासारखं फासलं जायचं आणि काडी मोडायची. की पुन्हा दुसरी काडी. चहा झाला तेव्हा उजाडायला आलं होतं.

पहिला मसुदा मी त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाला पाठवला होता:

'प्रिय मित्रा, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! तुझ्यासारखा मित्र मिळायला भाग्य लागतं. हरिश्चंद्रगडावरचे ते सोनेरी दिवस आठवले की आजही मन भरून येतं. आपली मैत्री अशीच चिरंतन राहो!'

यावर हात जोडलेलं चिन्ह आलं, बाकी काही नाही. दोष त्याचा नव्हता. या मजकुरातलं 'हरिश्चंद्रगड' काढून 'महाबळेश्वर' घातलं तर तो कुणालाही चालेल. 'सोनेरी दिवस' म्हटलं की दिवस दिसत नाही, दिसतो तो फक्त लिहिणाऱ्याचा गहिवर. आणि 'मन भरून येतं' हे वाचणाऱ्याने काय करावं? त्याचंही भरून आलं नाही तर त्याला उगाच अपराधी वाटतं. आणखी एक व्यवहाराची गोष्ट आहे. फोनच्या पडद्यावर मेसेजची पहिली ओळच दिसते. त्या दिवशी त्याला आलेल्या सगळ्या मेसेजांची पहिली ओळ 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' हीच होती, त्यात माझा कुठला हे त्याला कसं कळणार?

दुसरा मसुदा पाच वर्षांनी लिहिला. पहिल्याची चूक उमगली होती, म्हणून या वेळी सगळं तपशिलात लिहायचं ठरवलं. तो पूर्ण देत नाही, फार लांब आहे. खुबी फाट्यापासून सुरुवात होती. मग तोलार खिंड, केदारेश्वराच्या गुहेतलं कमरेएवढं गार पाणी, चारांपैकी उभा राहिलेला एकच खांब, कोकणकड्यावरचं धुकं. त्यानंतर काड्यांचा प्रसंग. आणि शेवटी मी जे लिहिलं ते असं: 'त्या रात्री मला कळलं की तू हार मानणारा नाहीस. पुढे काका गेले तेव्हा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आपण रात्रभर बसलो होतो, तेव्हाही तू तसाच होतास. मी तुझ्याकडून खूप शिकलो.'

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी मेसेज फसला. त्याने उत्तर लिहिलं नाही, दोन दिवसांनी फोन केला. इकडचं तिकडचं बोलला, मेसेजचा विषय काढला नाही. ठेवताना मात्र म्हणाला, "वाचलं मी. बाबांचं वाचून थांबलो."

या मसुद्यात तीन गोष्टी चुकल्या, आणि तिन्ही पहिल्या मसुद्यापेक्षा वेगळ्या. एक म्हणजे, जो स्वतः तिथे होता त्याला मी गडाचं वर्णन ऐकवत होतो. केदारेश्वराचा खांब त्याने माझ्याबरोबरच पाहिला होता. प्रवासवर्णन न गेलेल्यासाठी असतं. बरोबर आलेल्याला एक खूण पुरते, बाकीचं तो स्वतः उभं करतो. दुसरं म्हणजे, प्रसंग सांगून झाल्यावर मी त्याचा अर्थही सांगितला. 'तू हार मानणारा नाहीस' हे काड्यांच्या ढिगातून आपोआप दिसत होतं. ते शब्दांत आलं आणि त्याच क्षणी मित्राशी बोलणं संपून सत्कार समारंभ सुरू झाला. हार गळ्यात पडला की माणूस ताठ होतो, उत्तर देत नाही.

तिसरी चूक सर्वांत मोठी. वाढदिवसाला मी त्याच्या वडिलांचं जाणं काढलं. आमच्या मैत्रीतली ती सर्वांत खोल रात्र आहे यात शंका नाही, पण खोल आठवण आणि वाढदिवसाची आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या रात्री मी त्याच्यासाठी थांबलो होतो. ती आठवण मी काढली की कितीही निर्मळ मनाने काढली तरी त्याच्या बाजूला ऋण उभं राहतं. काड्यांच्या रात्री दोघंही सारखेच ओले आणि सारखेच उपाशी होतो, कुणाचं कुणावर काही निघत नाही. तुमच्यासमोर अशा दोन आठवणी असतील तर मी दुसऱ्या प्रकारचीच घ्या म्हणेन, आणि त्यातही ज्यात काहीतरी करणारा तो आहे अशी घ्या. हॉस्पिटलची आठवण प्रत्यक्ष भेटीत, त्याने स्वतःहून काढली तर बोलावी.

यंदा त्याला पन्नास झाली. तिसरा मसुदा हा:

'काल रात्री लाईट गेली. काडेपेटी सादळलेली. एक काडी केसांतून फिरवून ओढली, तिसऱ्या खेपेला पेटली. तू हरिश्चंद्रगडावर सतरा घालवल्या होत्यास. पन्नाशी लागली लेका, अभिनंदन. या पावसात खिरेश्वरला जाऊ, काडेपेटी मी आणतो.'

उत्तर दहा मिनिटांत आलं. सतरा नव्हे, अकरा होत्या, आणि शेवटची मी नाही, तू पेटवलीस, असं त्याचं म्हणणं. त्यावर मी वाद घातला. मग त्याने त्या चहात साखर कशी दोनदा पडली ते काढलं, जे मी साफ विसरलो होतो.

पहिल्या मसुद्यात त्याला करण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्यात करण्यासारखं फार अवघड होतं. तिसऱ्यात एक आकडा होता, जो तो खोडून काढू शकत होता. मेसेज कोरडा आहे की गहिवरलेला, हे मी आता एवढ्यावरच जोखतो: यात त्याला दुरुस्त करता येईल असं काही आहे का? भावनेला 'चूक' म्हणता येत नाही, काड्यांच्या संख्येला म्हणता येतं. मात्र आकडा खरोखर डोक्यात असेल तरच लिहावा. ओढूनताणून घातलेला तपशील जुन्या मित्राला लगेच कळतो.

तिसऱ्या मसुद्याची सुरुवात आठवणीने नाही, कालच्या दिवसाने होते, हेही पाहण्यासारखं आहे. 'आठवतंय का रे' हे परीक्षेतल्या प्रश्नासारखं आहे. त्याला आठवत नसेल तर तो पहिल्याच ओळीत नापास. काल काय घडलं आणि त्यावरून तू कसा आठवलास, असं सांगितलं तर त्याच्यावर काहीच ओझं येत नाही. अर्थात काल खरंच लाईट गेलेली असायला हवी. काही घडलं नसेल तर सरळ प्रसंगावर या: 'सतरा काड्या. मी मोजल्या होत्या.' एवढंही चालतं.

भाषेचं एक बारीक बघा. प्रसंग सांगताना 'आम्ही' येऊ देऊ नका. या लेखात मी तुम्हाला सांगतोय म्हणून 'आम्ही दोघं' म्हणतो. त्याला लिहिताना 'आपण', नाहीतर नुसतं 'तू'. 'आम्ही गडावर गेलो होतो' असं त्यालाच लिहिलं तर तो त्या आठवणीबाहेर फेकला जातो. आणि एरवी अरे-तुरे करत असाल तर पन्नाशीचा मान म्हणून 'आपणांस उदंड आयुष्य लाभो' हे फलकावरचं मराठी आणू नका. त्याला वाटेल तुम्ही कुणाचं तरी पुढे ढकललंत.

थट्टेचं काय? माझ्या मित्राला आता टक्कल आहे. 'आता काडी कुठे घासणार?' ही ओळ मसुद्यात लिहून मी काढली. एकट्याला पाठवताना ती चालली असती, तो स्वतःच टकलावर हसतो. पण त्याचा फोन त्या दिवशी मुलांच्या हातातही असतो, आणि मला त्या ओळीपेक्षा काड्या जास्त हव्या होत्या. कॉलेजच्या ग्रुपवर असला मेसेज टाकूच नये. तिथे पहिला मसुदासुद्धा खपतो, तेवढी दोन ओळींची शुभेच्छा तिथे द्यावी आणि आठवण खाजगीत पाठवावी. आवाजी मेसेज मला या कामासाठी पटत नाही. तो गाडीत सगळ्यांसमोर ऐकला जातो, आणि आपला आवाज नको तिथे कापतो.

राहिला दिवस. आमच्या पिढीतल्या खेड्यात जन्मलेल्या कित्येकांप्रमाणे माझ्या मित्राचा कागदावरचा वाढदिवस १ जून आहे, शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेला. ऑफिस, बँक, सोसायटी, सगळ्यांच्या शुभेच्छा १ जूनला येतात. त्याची आई मात्र 'नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी झाला' असं सांगायची. पहिले दोन मसुदे मी १ जूनला पाठवले होते. तिसरा नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसहाला, तो फिरायला निघतो त्या वेळी पाठवला. त्या दिवशी त्याच्या फोनवर शुभेच्छांचा दुसरा एकही मेसेज नव्हता. अशी एखादी तारीख तुम्हाला माहीत असेल तर 'तुझा खरा वाढदिवस आज' असं मेसेजात लिहू नका. मी लिहिलं नव्हतं, त्याला तारखेवरूनच कळलं.