मार्केट की लिमिट? कमी उलाढालीचा शेअर घेताना

चवथीनंतर भाचा घरी आला होता. जेवणं झाल्यावर मोबाइल पुढे करून म्हणाला, "मामा, हा शेअर घ्यायचाय. मार्केट टाकू की लिमिट?" शेअर एका लहान कंपनीचा होता. दिवसाला जेमतेम दोन-तीन हजार शेअर्सची उलाढाल. मी त्याला ऑर्डर टाकू दिली नाही, आधी मार्केट डेप्थ, म्हणजे कोण किती शेअर्स कुठल्या भावाला घ्यायला-विकायला बसलंय ती यादी, उघडायला लावली. त्यामागे माझा स्वतःचा एक अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी असाच एक शेअर मी फार दिवस बघत होतो. स्क्रीनवर भाव २१२ दिसत होता. मी पणजीच्या कदंब बसस्थानकावर फोंड्याच्या बसची वाट बघत उभा होतो. बस लागली, आणि घाईघाईत ३०० शेअर्सची मार्केट ऑर्डर टाकून मी चढलो. हिशेब सोपा होता : ६३,६०० रुपये. बसमध्ये बसून पाहिलं तर खात्यातून ६६,७७१ गेले होते.

झालं होतं ते असं. त्या वेळी विकणाऱ्यांच्या बाजूला २१३.४० ला ४० शेअर्स होते, २१४ ला २५, २१८.५० ला ६०, २२३ ला ५० आणि मग थेट २२९ ला २००. मार्केट ऑर्डरचा अर्थच "मिळेल त्या भावाला द्या". तिने पहिल्या चार पायऱ्या पुसून काढल्या, तरी १७५ च शेअर्स झाले. उरलेले १२५ तिने २२९ ला उचलले. सरासरी पडली २२२.५७, म्हणजे दिसत होता त्या भावापेक्षा जवळजवळ पाच टक्के जास्त. शेअरला सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त किती हलू शकतो ती मर्यादा, २० टक्क्यांचं होतं, त्यामुळे तेही मध्ये आलं नाही. यात कुणाची लबाडी नव्हती. मी मागितलं तेच एक्स्चेंजने दिलं.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते पुढचं. शेवटचा सौदा २२९ ला झाल्यामुळे स्क्रीनवर भाव २२९ दिसू लागला, आणि माझ्या होल्डिंगमध्ये १,९२९ रुपयांचा नफा! दुपारी कुणीतरी थोडे शेअर्स २०८.५० ला विकले. विकत घेणाऱ्यांचा सगळ्यात वरचा भाव तोच होता. लगेच त्याच होल्डिंगमध्ये ४,२२१ रुपयांचा तोटा दिसू लागला. या मधल्या काळात कंपनीत काहीही घडलं नव्हतं. स्क्रीनवरचा भाव म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव, आणि कमी उलाढालीच्या शेअरमध्ये तो सौदा पाच शेअर्सचा असू शकतो, तासाभरापूर्वीचाही असू शकतो. त्या भावाला आत्ता कुणी विकायला बसलंय, असा त्याचा अर्थ नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सकाळी मानकुराद कुणी काय भावाने नेला ते कळलं, म्हणून दुपारी शेवटच्या टोपलीला तोच भाव लागेल असं आपण धरत नाही. शेअरच्या बाबतीत मात्र मी तसंच धरलं होतं.

लिमिट ऑर्डरबद्दल एक गैरसमज अजून बऱ्याच जणांचा असतो. २१५ ची लिमिट टाकली म्हणजे २१५ लाच मिळणार, असं त्यांना वाटतं. तसं नाही. २१५ ही तुमची कमाल मर्यादा. समोर २१३.४० ला विक्रेता असेल तर शेअर २१३.४० लाच मिळतो. म्हणजे त्या दिवशी मी २१५ ची लिमिट टाकली असती, तर ६५ शेअर्स लगेच २१३.४० आणि २१४ ला मिळाले असते. बाकीचे २३५ माझ्या नावावर खरेदीच्या बाजूला २१५ ला उभे राहिले असते. २०८.५० ला वाट बघत बसलेल्यांच्या बराच पुढे. विकायचंच असलेला माणूस आधी माझ्याकडे आला असता.

लिमिटचा त्रासही खरा आहे, तो लपवत नाही. त्यानंतर दुसऱ्या एका शेअरला मी अगदी खालच्या भावाला लिमिट लावून चार दिवस बसलो. साधी लिमिट ऑर्डर संध्याकाळी रद्द होते. दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा टाकली की त्याच भावाच्या रांगेत आपण शेवटी, कारण एका भावाला आधी आलेल्याचा नंबर आधी लागतो. चार दिवसांत माझ्या पदरात २०० पैकी ६० शेअर्स पडले आणि पाचव्या दिवशी भाव निघून गेला. तुमचा ब्रोकर प्रत्येक ऑर्डरमागे ठरावीक दलाली घेत असेल, तर अशा तुकड्यांमुळे खर्चही वाढतो. ज्याला शेअर हवाच आहे, त्याला ही हुरहुर सोसावी लागते. माझ्या मते ती पाच टक्क्यांपेक्षा स्वस्त पडते, पण प्रत्येकाला तसं वाटेलच असं नाही.

निफ्टीतल्या मोठ्या बँकेचे ५० शेअर्स घेताना मार्केट ऑर्डरने फारसं बिघडत नाही. दोन्ही बाजूंच्या भावांत काही पैशांचा फरक असतो आणि पहिल्या पायरीवरच शेकडो शेअर्स असतात. तिथे मीही कधीकधी मार्केट टाकतो, फक्त सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो त्या पहिल्या काही मिनिटांत नाही. आणि रात्री टाकून ठेवायच्या ऑर्डरला मार्केट कधीच लावत नाही, कारण सकाळी समोर काय उभं असेल ते रात्री कुणालाच दिसत नाही.

भाच्याच्या शेअरकडे परत येतो. डेप्थ उघडली तेव्हा खरेदीच्या बाजूला सगळ्यात वरचा भाव ८७, विक्रीच्या बाजूला सगळ्यात खालचा ९०.५०. साडेतीन रुपयांची दरी, म्हणजे घेतल्या क्षणी विकायची वेळ आली तर साधारण चार टक्के गेले. शेअर एनएसई आणि बीएसई अशा दोन्ही एक्स्चेंजवर होता, म्हणून मी दुसऱ्यावरही बघायला लावलं. तिथे दरी दीड रुपयाची होती आणि उलाढालही जास्त. अ‍ॅपवर आधीपासून निवडलेलं एक्स्चेंज तसंच राहू देणं ही फार सहज होणारी चूक आहे.

त्याला ५०० शेअर्स हवे होते. दिवसाची उलाढाल अडीच हजारांची धरली, तर तो एकटाच पाचवा हिस्सा मागत होता. एवढी मोठी मागणी एकदम दिसली की विकणारे आपला भाव वर नेतात. म्हणून शंभर-शंभरचे तुकडे करायचे ठरलं. पहिल्या तुकड्याला विक्रीच्या पहिल्या दोन पायऱ्या मावतील एवढीच लिमिट, ती भरली की थांबायचं आणि नवे विक्रेते येतात का ते बघायचं. आले नाहीत तर पुढचा तुकडा दोन्ही भावांच्या मधोमध लावून ठेवायचा.

त्याचे ५०० शेअर्स पुरे व्हायला सहा दिवस लागले. दोनदा त्याने फोन करून विचारलं, "मामा, उरलेले मार्केटला घेऊन टाकू?" दोन्ही वेळा मी त्याला डेप्थची तिसरी पायरी वाचून दाखवायला सांगितली, आणि ती वाचल्यावर त्यानेच थांबायचं ठरवलं.