फासा की नाणं: घंटा आधी कुठे दिसते?

बऱ्याच स्वतंत्र यादृच्छिक संख्यांच्या बेरजेचा आलेख घंटेच्या आकाराकडे जातो, हे सांगणारं मध्यवर्ती सीमा प्रमेय संगणकावर दाखवताना फासा लगेच खूश करतो. दोन फाशांच्या बेरजेचा आलेख त्रिकोणी येतो. तिसरा फासा मिळवला की कडा गोलावतात आणि घंटेचा आकार दिसू लागतो.

माझा कल मात्र नाण्याकडे, तेही खोट्या: छापा पडण्याची शक्यता फक्त ०.१. दहा फेकींत एकही छापा न पडण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्के. त्यामुळे छाप्यांच्या संख्येचा आलेख शून्याकडे झुकतो आणि उजवीकडे शेपूट सोडतो. हा दहा फेकींचा प्रयोग हजाराऐवजी लाख वेळा केला तरी आकार तोच राहतो (विद्यार्थी हमखास इथेच फसतात). फेकीच १०० केल्या, की सरासरी १०, प्रमाण विचलन ३ आणि घंटा बऱ्यापैकी सावरते.