घसरणारी शिडी: x-y घ्यायचे, वर्गमूळ की कोन?

5 मीटरची शिडी भिंतीला टेकली आहे. तिचा पाय सेकंदाला 0.5 मीटर वेगाने भिंतीपासून दूर सरकतोय. पाय भिंतीपासून 3 मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येतंय? हे गणित तीन वाटांनी सुटतं.

पहिली वाट पायथागोरसची. पायाचं भिंतीपासूनचं अंतर x, टोकाची उंची y आणि वेळ t धरून x² + y² = 25 लिहायचं आणि दोन्ही बाजूंचं t च्या सापेक्ष विकलन करायचं: 2x·dx/dt + 2y·dy/dt = 0. आता कुठे आकडे घालायचे. x = 3, म्हणून y = 4, आणि dy/dt = −(3/4)(0.5) = −0.375. टोक सेकंदाला 0.375 मीटरने खाली येतंय; ऋण चिन्ह म्हणजे उंची घटतेय. सगळ्यात जास्त मुलं चुकतात ती इथे घाई करून. x = 3 आधीच घातलं तर 9 + y² = 25 होतं, त्यात बदलणारं काही उरतच नाही आणि dy/dt शून्य येतं. शिडी घसरतेय आणि उत्तर शून्य आलं, की समजावं आकडे लवकर घातले.

दुसरी वाट y = √(25 − x²). उत्तर तेच येतं, पण साखळी नियम दोनदा लागतो आणि आतला −2x हमखास विसरला जातो. मी एरवी ही वाट सुचवत नाही. पण वेग पुढे कसा बदलतो हे पाहायचं असेल, तर सगळं x मध्येच असल्यामुळे हीच सोयीची. x = 4.99 घातलं तर टोकाचा वेग जवळपास 7.9 मीटर प्रतिसेकंद येतो, आणि x जसा 5 कडे जातो तसा तो अमर्याद वाढतो. खरी शिडी असं करत नाही. एकसारख्या जाडीची शिडी आणि घर्षण नसलेली भिंत धरली, तर पायाच्या 0.5 मीटर प्रतिसेकंद वेगाला टोक साधारण 75 सेंटिमीटर उंचीवर असतानाच भिंत सोडतं. त्यानंतर x² + y² = 25 हे समीकरणच लागू राहत नाही.

तिसरी वाट कोनाची: x = 5cosθ, y = 5sinθ, θ जमिनीशी. −5sinθ·dθ/dt = 0.5 मध्ये sinθ = 0.8 घातलं, की dθ/dt = −0.125 रेडियन प्रतिसेकंद. अंशांत मोजलंत तर विकलनाची ही सूत्रं जशीच्या तशी चालत नाहीत. नुसता टोकाचा वेग हवा असेल तर हा फेरा लांबचा. पण प्रश्न शिडीच्या मध्यबिंदूचा असेल तर गंमत येते: तो कोपऱ्यापासून कायम 2.5 मीटरवर, म्हणजे वर्तुळावर फिरतो, आणि त्याचा वेग एका गुणाकारात मिळतो, 2.5 × 0.125 = 0.3125 मीटर प्रतिसेकंद.

म्हणून परीक्षेत प्रश्न कशाचा वेग विचारतोय ते बघा. ‘टोक’ असेल तर पहिली वाट, ‘कोन’ किंवा ‘मध्यबिंदू’ असेल तर तिसरी.